वेळेवर आलेली उशिराची गाडी

मालधक्क्यावर कारकुनाची जागा होती आणि शिफारस पूर्ण्याच्या असिस्टंट स्टेशनमास्तरांच्या हातात होती. त्यांनी मला स्टेशनाबाहेरच्या हॉटेलात कॉफीला बोलावलं. मी मानवतहून दोनदा गेलो, दोन्ही वेळा ते आले नाहीत. दुसऱ्या खेपेला तर इतका वेळ बसलो, की हॉटेलवाला मला बाकासकट झाडू लागला.

मामा भडकले. "दारात जाऊन जाब इचार! लय माजलाय त्यो!"

"मामा, जाब मिळंल, पण नोकरी जाईल," मी म्हणालो, आणि चिठ्ठी पाठवली: 'माझी गाडी उशिरा आली, आपण वाट पाहून गेला असाल, माफी असावी. मंगळवारी किंवा शुक्रवारी, आपल्याला जमेल तेव्हा येतो. नाही जमलं तरी राग नाही.'

शुक्रवारचा निरोप आला. गेलो, तर मास्तर आधीच बसलेले, पुढ्यात दोन कप.

"त्या दिवशी गाडी वेळेवर होती," ते म्हणाले. "वेळ मीच रजिस्टरात लिहिली."

माझे कान रेल्वेच्या लाल सिग्नलसारखे पेटले. या गावात गाडीची थाप ज्याच्यापुढे चालणार नाही असा एकच माणूस होता, आणि मी नेमकी त्यालाच मारली होती!

"दोन्ही दिवस मीच विसरलो," ते हसत म्हणाले. "वॅगन मिळाली नाही की व्यापारी धक्क्यावर येऊन आमच्या सात पिढ्या उद्धारतात. चूक आमची असताना त्यांना गोड बोलून परत पाठवणारा माणूस हवाच होता. सोमवारी ये."

"किती वाजता, साहेब?"

"गाडी वेळेवर आली तर दहाला."