ऑक्सिजनचा बाण

तासगावच्या कॉलेजात मी तासिका तत्त्वावर वनस्पतिशास्त्र शिकवत होते. मुलांचा प्रकाशसंश्लेषण आणि श्वसनात फार गोंधळ व्हायचा, म्हणून एका रविवारी मी मोठा तक्ता काढला. हरितलवकातल्या थायलॅकॉइड चकत्यांमध्ये पाणी फुटून ऑक्सिजन सुटतो, भोवतालच्या स्ट्रोमा द्रवात कार्बन डायऑक्साइडपासून साखर बनते. श्वसनात ग्लुकोज पेशीद्रवात फुटतं, पुढचं काम तंतुकणिकेत होतं. तिथे कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि शेवटी ऑक्सिजन वापरून पाणी तयार होतं. बाजूला प्रत्येक टप्प्यात काय आत जातं, काय बाहेर येतं आणि कुठे, याची यादी होती.

तपासणी समिती येणार म्हणून विभागप्रमुखांनी तो प्रयोगशाळेत लावला, खाली स्वतःचं नाव घातलं. तेही मी गिळलं. पण त्यांनी ऑक्सिजनचा बाण खोडून तो कार्बन डायऑक्साइडपासून काढला.

"सर, ऑक्सिजन पाण्यातून येतो," मी म्हणाले.

"आवं मॅडम, तुमी तासावर हाय. तास घ्या आन् घरी जावा."

मी वर्गात मात्र ऑक्सिजन पाण्यातून येतो असंच शिकवलं. पण मुलांचा भिंतीवर विश्वास जास्त. परीक्षेत नेमका तोच प्रश्न आला, आणि बहुतेकांनी कार्बन डायऑक्साइड लिहिलं.

निकालाच्या बैठकीत प्रमुख म्हणाले, "या विषयाला मॅडम होत्या." नव्या वर्षी मला बोलावणं आलं नाही. तक्ता मात्र अजून तिथेच लटकतोय, असं एक विद्यार्थिनी परवा म्हणाली.