दुसरी कोणती गोळी चालू आहे का?

वर्ध्याला डी.एड. करत होते तेव्हा मी एकवीस वर्षांची होते आणि मला सगळं कळतं असं माझं ठाम मत होतं. एका रविवारी दुपारी निरोध फाटला आणि ते मत तिथल्या तिथे बदललं. ज्याच्यासोबत होते तो माझ्याच वर्गातला. मी विचारलं, आता काय करायचं? तो म्हणाला, "मेडिकलमधी गोळी भेटते ना, टीव्हीवर दाखवते ते. तू विचारून पाह्य." आणि कारंज्याला आपल्या घरी निघून गेला. आज त्याच्यावर राग नाही. तेव्हा भरपूर होता.

सोमवार मी नुसता घाबरण्यात घालवला. वर्ध्यातल्या कुठल्याही मेडिकलमध्ये जायची सोय नव्हती. आमचं घर वडनेरचं, वडील वर्ध्याच्याच कचेरीत कारकून, आणि जिथे जावं तिथे त्यांच्या ओळखीचं कोणीतरी भेटायचंच. मंगळवारी कॉलेजला दांडी मारली आणि पुलगावची एसटी पकडली. पुलगावात आमचं कोणी नव्हतं, एवढाच त्या गावाचा गुण.

स्टँडजवळच्या मेडिकलमध्ये पन्नाशीचे एक काका एकटेच होते. माझ्याआधी एक म्हातारी ताप उतरायची गोळी घेत होती. काकांनी तिला विचारलं, "दुसरी कोणती गोळी चालू हाये का, आजी?" तिनं बीपीच्या गोळीपासून सुरुवात करून सुनेपर्यंत सगळं सांगितलं. काकांनी सुनेबद्दलचंही ऐकून घेतलं.

म्हातारी गेली. मी बाम मागितला. मग कापूस मागितला. मग सेफ्टी पिना आहेत का विचारलं.

"पिना कटलरीत भेटन," काका म्हणाले. "बेटा, दुकानात कोणी नाई. काय पाह्यजे ते सांग."

मी काउंटरच्या काचेकडे पाहत सांगितलं. त्यांनी आवाज चढवला नाही, उतरवलाही नाही. तापाची गोळी मागितल्यासारखं विचारलं, "कधी झालं?"

"परवा दुपारी."

"म्हंजे दोन दिवस. बहात्तर तासाच्या आत घ्या लागते, अन् जितकी लवकर तितकी बरी. मागची पाळी टाइमावर आलती?"

"हो."

त्यांनी ड्रॉवरमधून एका गोळीचं पाकीट काढलं. "एकच गोळी. घेतल्यावर दोन तासाच्या आत उलटी झाली, तं पुन्हा घ्या लागन. मळमळन, डोकं दुखन, त्याले भेऊ नको. पाळी चार दिवस मागंपुढं होऊ शकते. आठवड्याच्या वर लांबली तं तपासून घेजो. पोटात एका बाजूनं लय दुखलं तं सरळ डॉक्टरकडे जाजो."

"यानं... पडते का?" मी विचारलं.

"नाई. ही पाडाची गोळी नाई. दिवस राहू नये म्हणून हाये. राह्यले असन तं ही काहीच करत नाई. अन् आज घेतली म्हणून उद्याचं भागत नाई, रोज घ्याची बी नाई." मग तोच प्रश्न आला. "दुसरी कोणती गोळी चालू हाये का? फिटची, टीबीची? त्या चालू असल्या तं हिचा जोर कमी पडते."

मी म्हटलं, "नाई."

पटकन म्हटलं. पाठ असल्यासारखं.

पाच महिन्यांपूर्वी माझ्या मानेला गाठ आली होती. ती टीबीची निघाली. सरकारी दवाखान्यातून आठवड्याला तीन दिवसांच्या गोळ्या मिळत. पहिल्या दिवशीच्या नर्सबाईसमोर गिळायच्या, बाकीच्या खोलीवर गुपचूप, आणि रिकामं पाकीट पुढच्या सोमवारी परत द्यायचं. आईनं देवासमोर उभं करून बजावलं होतं, हे कोणाला सांगायचं नाही, पुढे लग्नाला अडचण येते. मी खोलीवरच्या मैत्रिणींनाही सांगितलं नव्हतं, त्या कारंजेकरालाही नाही. ओढणी तेवढी कायम गळ्याशी असायची. मी कोणासोबत तरी होते हे मी एका परक्या माणसाला सांगू शकले. टीबी झालाय, हे मात्र सांगता येईना.

स्टँडवर आले. पाण्याची बाटली घेतली, बाकड्यावर बसले, पाकीट हातात धरलं. जोर कमी पडते. आदल्या दिवशीच तर नर्सबाईसमोर उभी राहून गोळ्या गिळल्या होत्या. वर्ध्याची गाडी लागली आणि माझ्यासमोरून निघून गेली. ही गोळी घेऊन महिनाभर पाळीची वाट पाहायची आणि मनात एकच, की आपण खोटं बोललो. मी उठले.

दुकानात काका डबा उघडून बसले होते. मी आत गेले आणि ओढणी बाजूला केली. "काका, मले टीबी हाये. गोळ्या चालू हायेत. मघाशी खोटं बोलली."

हा शब्द मी स्वतःच्या तोंडानं पहिल्यांदा उच्चारला होता. काकांनी डब्याला झाकण लावलं.

"मघाची गोळी घेतली काय?"

"नाई."

"बरं झालं आली. बस."

बसले. मग मला एक युक्ती सुचली आणि मी ती मोठ्या हुशारीनं सांगितली. "मी टीबीच्या गोळ्या चार दिवस बंद ठेवतो. मंग ही घेतो."

तोवर शांत असलेला माणूस पहिल्यांदा चिडला. "अजिबात नाई. त्यायचा असर बंद केल्यावर बी अंगात तीन-चार आठवडे राह्यते, मंग फायदा काय? अन् मधीच सोडल्या तं टीबी उलटते, मंग साध्या गोळ्यायले ऐकत नाई. पाळी हुकली, दिवस राह्यले, तरी त्याची सोय लावता येते. हे सोडू नको. पुरा कोर्स करजो. कबूल?"

"कबूल."

"तुयासाठी पक्का इलाज तांबी. पाच दिवसाच्या आत बसवली तं चालते, अन् टीबीच्या गोळीचा तिच्यावर काही फरक पडत नाई. ते काही मी बसवत नाई. लेडी डॉक्टर हाये, मागच्या गल्लीत. त्यायले जमलं नाई, तं ह्याच गोळीचा डोस वाढवून द्याचा का, ते बी त्याच सांगतीन."

त्यांनी डॉक्टरीणबाईंना फोन लावला. "एक पोरगी पाठवून राह्यलो," एवढंच म्हणाले. चिठ्ठीवर किती तास झाले ते लिहिलं, टीबीच्या गोळ्यांचं लिहिलं. नाव विचारलं नाही. न घेतलेलं पाकीट परत ड्रॉवरमध्ये ठेवलं.

डॉक्टरीणबाई फटकळ होत्या. लग्न झालंय का विचारलं, मी नाही म्हटलं, त्यांनी ते लिहून घेतलं आणि लघवी तपासायला पाठवलं. मग तांबी बसवली. दुखलं, खोटं कशाला सांगू. संध्याकाळच्या एसटीत मी ओटीपोट धरून बसले होते आणि तरी दोन दिवसांत पहिल्यांदा मला भूक लागली होती.

पाळी तीन दिवस उशिरा आली. मी न्हाणीघरात रडले.

पुढच्या महिन्यात नर्सबाईंना शेवटचं रिकामं पाकीट दिलं. त्याच आठवड्यात पुलगावला गेले. आभार मानायचे होते, वाटेत चांगली चार वाक्यं जुळवली होती. दुकानात दोन माणसं उभी, त्यामुळे ती चारही विसरले आणि डोकेदुखीची गोळी मागितली.

काकांनी मान वर न करता विचारलं, "दुसरी कोणती गोळी चालू हाये का?"

"नाई काका."

त्यांनी गोळी कागदात गुंडाळली आणि माझ्या हातात देताना हळूच म्हणाले, "पुरा केला?"

"पुरा केला," मी म्हटलं.