मुळांना हवा कुठून

मुलुंडच्या एका कॉलेजात मी वनस्पतिशास्त्र शिकवते. त्या दिवशी प्रॅक्टिकलला प्रकाशसंश्लेषण आणि श्वसन यांच्या टप्प्यांची तुलना होती. बाणांची आकृती काढायची आणि खाली तक्ता भरायचा: काय लागतं, काय तयार होतं, कुठे घडतं.

एका मुलीची आकृती झकास होती. हरितलवकात पाणी फुटून ऑक्सिजन सुटतो, मग कार्बन डायऑक्साइडपासून साखर बनते, सगळे बाण बरोबर. पण श्वसनापुढे 'कुठे'च्या रकान्यात तिनं लिहिलं होतं: रात्री.

माझं डोकंच फिरलं. "रात्र ही जागा आहे का गं?"

"मॅम, आई म्हणते, दिवे लागल्यावर झाडाला हात लावू नये. झोपतात ती."

"झोपू देत. श्वसन दिवसरात्र चालतं. साखर आधी पेशीद्रवात तुटते, पुढचं सगळं तंतुकणिकेत. तिथे ऑक्सिजन लागतो. मुळांत तर हरितलवकंच नसतात, त्यांना मातीतल्या हवेचाच ऑक्सिजन."

तिनं खोडून नीट लिहिलं आणि खिडकीबाहेर बघत राहिली. आवारातल्या बदामाची पानं अवेळीच गळत होती. कॉलेजची तपासणी होती म्हणून मध्यंतरी तिथे पेव्हर ब्लॉक बसवले होते, खाली सिमेंट ओतून, थेट बुंध्यापर्यंत.

"मॅम, मग ह्याच्या मुळांना कुठून?"

त्याच बदामाखाली मी रोज स्कूटर लावते, सावली मिळते म्हणून.

"तक्ता पूर्ण कर," मी म्हणाले.