पाहुणी नव्हे, भाडेकरू

नव्वदच्या दशकात मी बेलापूरला एका वकिलांच्या ऑफिसात टायपिंग करायचे आणि सुट्टीच्या दिवशी कामगारांसाठी पत्रकं लिहायचे. त्यामुळे घरमालकांना लिहिलेल्या अर्जाची सुरुवातच मी ‘आमची मागणी’ अशी केली. शेवटी ‘अन्यथा’सुद्धा होतं. ज्या मैत्रिणीसाठी हा अर्ज होता, तिनं पेन घेऊन ते ‘अन्यथा’ खोडलं.

“खोली मागतेयस की कारखान्याचं गेट बंद करतेयस?” ती म्हणाली.

ती माझ्याच ऑफिसात हिशेब बघायची. घर जासईच्या पुढे, खाडीकाठच्या मुसलमान वस्तीत. कंटेनरच्या रांगेत बस अडकली की घरी पोचायला रात्र व्हायची. शेवटी अब्बांनी सांगितलं, महिनाअखेरपर्यंत बेलापुरात राहायची सोय कर, नाहीतर नोकरी सोड. तिनं खोल्या बघितल्या. खोली रिकामीच असायची, पण हिनं नाव सांगितलं की तिथल्या तिथे ‘कालच दिली’ व्हायची. माझ्या दोन खोल्यांपैकी एक रिकामी होती. करारात मात्र स्पष्ट होतं: मालकाच्या लेखी परवानगीशिवाय पोटभाडेकरू ठेवायचा नाही, ठेवला तर करार रद्द.

मालक साताऱ्याकडचे. कळंबोलीच्या लोखंड बाजारात त्यांचा गाळा होता. आम्ही दोघी तिथेच गेलो. बाहेर ट्रकवर सळया चढत होत्या, त्यामुळे सगळं बोलणं ओरडूनच झालं.

“चौकशी केलीस का पोरीची?” अर्ज वाचून त्यांनी विचारलं. ती समोरच उभी होती.

“केली काका. घरी जाऊन आईवडलांना भेटले. आमच्या साहेबांनी पगाराचं पत्र दिलंय, ते मागे जोडलंय. कॉलेजात असताना हॉस्टेलला होती, तिथल्या बाईंना विचारलं. भाडं कधी थकलं नाही, तक्रार नाही.”

“आन् हितं थकलं तर?”

“तर मी भरेन. पूर्ण भाडं दर महिन्याला माझ्याकडूनच घ्यायचं. तिनं मला दिलं नाही, तो माझा प्रश्न. तिच्या नावानं पावती मागणार नाही. मोडतोड झाली तर माझ्या डिपॉझिटमधून कापा. माझा करार संपला की माझ्याबरोबर तीही बाहेर.”

हे ऐकून त्यांचा चेहरा सैल झाला. पावतीच्या जोरावर कुणी हक्क सांगून जागा अडकवेल, अशी त्यांना खरी भीती होती आणि ती भीती मला मान्य होती. त्यांनी दोघींसाठी चहा मागवला. मग अर्ज पुढे सरकवून म्हणाले, “हमी तुझी हाय, बास. तिचं नाव काड ह्यातनं. सोसायटीत इचारलं तर पाहुणी म्हन. म्या काय बगितलं न्हाई.”

माझं डोकंच फिरलं. मी काही बोलायच्या आत तिनं विचारलं, “काका, पाहुणीकडून कुणी भाडं घेतं का?”

सळया मोजणारा हमाल हसला. काका नाही हसले.

“पोरी, माजं काय न्हाई गं. शेजारी बोंब मारत्यात.”

“मारू देत!” मी म्हणाले. “उद्या कुणी तक्रार केली, तर परवानगीत नाव नाही म्हणून माझाच करार तुटणार. आणि हिला तर कुणीही उठून ‘पाहुणे, निघा आता’ म्हणणार. असली लपवलेली खोली आम्हाला नको.”

“लई तोंड हाय तुला.”

“आहे. एक सांगा काका, तुमच्या बाजारात नवं गिऱ्हाईक उधारीवर माल मागतं, तेव्हा त्याला घेऊन आलेला माणूस चिठ्ठीवर सही करतो ना? मग त्या चिठ्ठीवर गिऱ्हाइकाच्या नावाची जागा कोरी ठेवता? बिननावाच्या माणसाची हमी घेता?”

 काका बाहेरच्या हमालावर उगीचच खेकसले, “ए, मोज नीट!”

पेन उघडून त्यांनी तिला विचारलं, “पुरं नाव सांग. बापाचं बी.”

तिनं सावकाश सांगितलं. माझ्या अर्जाखाली त्यांनी स्वतःच्या हातानं तिचं पूर्ण नाव लिहिलं, ‘एक खोली, करार संपेपर्यंत, भाड्याची जबाबदारी मूळ भाडेकरूची’ असं घातलं आणि सही केली. एक प्रत सोसायटीला द्यायला मी सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला, पण दिली.

महिना संपायच्या आत ती पेटी घेऊन राहायला आली. सोसायटीच्या सेक्रेटरींनी जिन्यातच अडवलं. “ही कोण? पाहुणी?”

मी तोंड उघडणार, तोच तिनं पेटी खाली ठेवली. “नाही. मी भाडं भरते,” ती म्हणाली, आपलं पूर्ण नाव सांगितलं, आणि पेटीची दुसरी कडी धरायला मला खुणावलं. सेक्रेटरी जिना अडवून उभेच होते. आम्ही पेटी उचलली. त्यांना बाजूला व्हावं लागलं.