रेघेपर्यंत पाणी

आर्वीच्या एसटी डेपोजवळ माझं औषधांचं दुकान आहे. लहान मुलांच्या अँटिबायोटिकची पावडर मी स्वतःच कालवून देते. बाटली हलवून पावडर मोकळी करायची, उकळून गार केलेलं पाणी बाटलीवरच्या रेघेच्या जरा खालपर्यंत घालून जोरात हलवायचं, फेस बसला की रेघेपर्यंत पुरं करायचं. हे काम मला आवडतं.

जवळच्या रोहणा गावची एक सून अशी बाटली घेऊन गेली आणि तिसऱ्या दिवशी परत आली. "ताई, पोराले दोन टाइम देऊन राह्यली, पण औषध कमीच नाई होऊन राह्यलं."

बाटली रेघेपर्यंत भरलेली होती, आतलं औषध मात्र पाण्यासारखं पातळ. विचारल्यावर कळलं, सासूबाई प्रत्येक डोसानंतर रेघेपर्यंत पाणी भरत होत्या. मी चिडले. पाणी एकदाच घालायचं असतं, नाहीतर डोसात औषध उरतच नाही. पोराला डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी नवी बाटली लिहून दिली. ती कालवून मी तिच्यावर तारीख घातली आणि बजावलं, "फ्रिजमध्येच ठेवायची. सात दिवसांनी उरलं तरी फेकायचं."

आठव्या दिवशी ती पोराला घेऊन आली. पोरगं ठणठणीत होतं. तिनं तळाशी थोडं औषध उरलेली बाटली काउंटरवर ठेवली.

"अवो, घरीच फेकायची ना."

"घरी फेकली असती," ती शांतपणे म्हणाली, "तं सासूबाईनं उचलून पुन्हा रेघेपर्यंत भरली असती."