स्क्रीनवरचा भांग

माझ्या वसईच्या पार्लरमध्ये टाळूच्या फोटोंचा कॅमेरा आहे. आरशाशेजारच्या टीव्हीवर केसाचं मूळ बोटाएवढं दिसतं. टीव्ही मीच लावून घेतला. गिऱ्हाइकाला दाखवलं की पटतं, आणि खरं सांगायचं तर मला मिरवायची हौस भारी.

गेल्या लग्नसराईत जवळच्या गास गावची एक मुलगी आली, होणाऱ्या नणंदेबरोबर. लग्न तीन आठवड्यांवर, नवरीचा मेकअपही माझ्याकडेच ठरलेला. साखरपुड्यात हिच्या खांद्यावर पांढरा भुगा दिसला होता आणि सासूने धसका घेतला होता. नणंद म्हणाली, "ताई, हिचा कोंडा एकदाचा घालवा."

नणंद फोन घ्यायला दारापाशी गेली, तशी मुलीने माझा हात धरला. "ताई, कोंडाच म्हणा ना. प्लीज."

मी म्हटलं, "अगं, बघू तर दे!" बघितल्याशिवाय बोलायचं नाही, हा माझा तोरा. ती तसं का म्हणतेय, हे विचारायचं मात्र मला सुचलं नाही.

नणंद परत येऊन बसली. मी भांगावर कॅमेरा टेकवला आणि चेव आल्यासारखी सुरूच झाले. कोंडा असता तर पिवळट, तेलकट पापुद्रे टाळूला चिकटलेले दिसले असते, कातडी जरा लालसर. टाळू नुसती कोरडी असती तर बारीक, सुकी, पांढरी पूड दिसली असती, कातडी ओढल्यासारखी. हिच्या फोटोत तेल नव्हतं, लाली नव्हती. थर होता तो केसांच्याच अंगावर, काळे कण गुंतलेला, आणि वाळून त्याची पांढरी सालं निघत होती.

"हा कोंडा नव्हेच! काहीतरी लावलेलं साचलंय," मी विजयी आवाजात म्हटलं. ओला कापूस फिरवला. कापूस काळा झाला.

मुलीने डोळे मिटून घेतले.

केस दाट दिसावेत म्हणून भुरभुरायची पूड होती ती, वरून स्प्रे मारून बसवलेली. ती पुसली गेली आणि टीव्हीभर दिसली मुलीची टाळू. भांगाशी रुपयाएवढी जागा, जवळजवळ उघडी. मी घाईने कॅमेरा उचलला, पण व्हायचं ते झालं होतं. नणंदेने पर्स उचलली. "आम्हाला सांगितलं नव्हतंत," एवढंच बोलली आणि निघून गेली. मुलगी खुर्चीतच बसून राहिली. मी पाणी दिलं, ते तिने घेतलं नाही.

आठ दिवसांनी तिच्या आईचा फोन आला. नवरीच्या मेकअपचं बुकिंग रद्द करायला; लग्नच मोडलं होतं. मी माफी मागितली, मागताना रडले.

त्या शांतपणे म्हणाल्या, "तुमचं बरोबरच होतं हो ताई. पण कोंडा म्हणाला असतात, तर कुणाचं काय बिघडलं असतं?"