कळशीचा दुसरा फटका

मामा गेल्याची बातमी मला नांदेडला फोनवर दिगंबरने दिली. "ताई, गुर्जी गेले..." एवढंच बोलून तो रडायला लागला. दिगंबर म्हणजे जळकोटचा मामांचा बांधशेजारी, नांदेडला शिकायला असतानाचा त्यांचा विद्यार्थी, आणि आमच्या मामांनी उभ्या आयुष्यात ज्याला मारलं असा एकमेव माणूस. महिना होत आला, तरी ते आठवलं की मला हसू येतं, आणि हसू आलं म्हणून मग रडू येतं.

मामा नांदेडला मास्तर होते, पण छडीला त्यांनी कधी हात लावला नाही. पिंजऱ्यात सापडलेला उंदीर ते गोदावरीकाठी नेऊन सोडायचे. तो तुमच्या आधी ऑटोनं घरी येतो, असं मामी म्हणायची. मी वकील झाल्यापासून आमचा वाद ठरलेला. अंगावर येणाऱ्याला अडवणं हा माणसाचा हक्कच आहे, असं मी म्हणायची. त्यांचं म्हणणं, हक्क असेल, पण मारलेला फटका कधी चांगला होत नाही, फार तर माफ होतो. आणि कोणी कोयता उगारला तर? "उभा राहीन. कवातरी त्याचा हात थकंलच की."

निवृत्त होऊन ते जळकोटला शेतावर गेले. येळवसेला, म्हणजे मार्गशीर्ष अमावस्येला, आमच्या लातूरकडे सगळं घरदार शेतात जेवायला जातं आणि बोलावणं आलं तर नाही म्हणायचं नसतं. दिगंबरशी बांधावरून कुरबूर चालली होती, ती आंबील पिता पिता मिटवावी असं मामांच्या मनात आलं. दिगंबर ऊस तोडता तोडता तसाच आला, कोयत्यासकट. पालेभाज्या-डाळींची भज्जी पानात पडायच्या आधीच बांधाचा विषय निघाला. नांगरताना हातभर बांध कोणी खाल्ला, यावर मामा मास्तरी थाटात म्हणाले, तू शाळेतही रेघ मारताना पट्टी सरकवायचास. सगळी पंगत हसली... आणि दिगंबर कोयता उगारून मामांच्या अंगावर धावला.

मामांच्या हातात आंबिलाने भरलेली स्टीलची कळशी होती. ती त्यांनी फिरवली. फटका मनगटावर बसला, कोयता उडाला आणि दिगंबर आंबिलात न्हाऊन खाली बसला. मामांनी कोयत्यावर पाय ठेवला. इथं थांबले असते तर हा लेख लिहायला माझ्याकडे काही नसतं. पण त्यांनी कळशी पुन्हा उचलली आणि त्याच्या खांद्यावर हाणली. खांद्याजवळचं हाड मोडलं.

खटले दोघांवरही झाले. हाड मोडणं कायद्यात गंभीर दुखापत, वर्षानुवर्षांची कैद होऊ शकते. मामांनी तर सत्तरी ओलांडलेली. मी त्यांना सगळं समजावलं. जीव वाचवणाऱ्याचा फटका सोनाराच्या काट्यावर तोलत नाहीत. त्या क्षणी त्याला धोका वाटला का, आणि तसं वाटायला कारण होतं का, एवढं बघतात. मात्र धोका टळला की हक्कही संपतो. म्हणून दोन्ही फटके एका दमात मारले म्हणा, नाहीतर गप्प बसा, आरोपीला गप्प बसता येतं.

न्यायाधीशांनी विचारलं तेव्हा मामा हात जोडून म्हणाले, "साहेब, पहिला फटका भीतीनं मारला. दुसऱ्याच्या वेळी कोयता माझ्या पायाखाली होता. तो रागानं मारला." मी डोक्याला हात लावला. पहिल्या फटक्याला स्वसंरक्षण मान्य झालं, दुसऱ्यासाठी मामा दोषी ठरले. वय आणि स्वच्छ चारित्र्य पाहून त्यांना वर्षभर शांतता राखण्याच्या बंधपत्रावर सोडलं. ज्याने डासालाही पंख्याने वाट दाखवली, त्याने मी शांतता राखीन असं सरकारला लिहून दिलं! सही करताना ते स्वतःच खुदकन हसले, आणि बसस्टँडवर त्यांनी मला जिलेबी खाऊ घातली.

मी मात्र कितीतरी दिवस फुगून होते. एकदा विचारलं, पहिला फटका तरी योग्य होता ना? म्हणाले, त्याच्यामुळं मी वाचलो, म्हणून त्याला योग्य म्हणायचा मोह होतो. पण भरल्या पंगतीत पोराची अब्रू काढली ती मी, आणि ते कोणत्या कलमात बसतं? शिक्षा भोगून आल्यावर दिगंबर रोज संध्याकाळी मामांकडे चहाला येऊ लागला. दोघं काय बोलायचे, ते मी कधी विचारलं नाही.

दहाव्याला तो माझ्याजवळ येऊन बसला.

"ताई, कोयता गेला तरी माझ्या हाताखाली दगड हुता. दुसरा फटका बसला नसता तर म्या त्यो गुर्जीच्या डोक्यात घातलाच असता."

या एका वाक्यावर मी मामांना निर्दोष सोडवून आणलं असतं. हे तू त्यांना तरी सांगितलंस का, असं मी विचारलं.

"सांगितलं की. अपील करा म्हनलं, म्या येतो साक्षीला. तर म्हनले, दगड तुला ठाऊक हुता, दिगू. मला न्हवता."